किती दिवस लागतील, हे कळण्याआधीचे दोन दिवस

कल्याण-डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या २७ गावांनी महापालिकेच्या हद्दीत येण्या-जाण्याचा फेरा अनुभवला आहे. १९८३ मध्ये महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे आत होती, २००२ मध्ये ती बाहेर गेली आणि जून २०१५ मध्ये पुन्हा आत आली. नकाशावर सीमा ओढायला एक अधिसूचना पुरते. घरपट्टीच्या नोंदींना मात्र त्या सीमेमागून चालत जावे लागते. निळजे, भोपर, हेदुटणे अशा गावांतल्या घराची नोंद एकेकाळी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत असायची. हद्द बदलली की तीच नोंद महापालिकेच्या संगणकात जाऊन बसायला हवी.

ही महापालिका संगणकाला नवखी नाही. या शतकाच्या सुरुवातीलाच तिने एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीबरोबर कामकाजाचे संगणकीकरण केले, नागरी सुविधा केंद्र उघडले, आणि तो नमुना पुढे राज्यातल्या इतर शहरांसाठी वापरला गेला. तरीही ‘जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत आणा’ हे वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअर तुकडीसमोर आले, की पहिल्या बैठकीतच सगळे अडतात. किती दिवस लागतील, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते. नोंदी प्रत्यक्षात कशा आहेत हे कोणी पाहिलेले नसते, एवढेच त्याचे कारण.

अशा अडलेल्या कामासाठी प्रोग्रामर मंडळी ‘स्पाइक’ नावाचा छोटा शोध हाती घेतात. तो कसा चालतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण रचून घेऊ. त्यातली तुकडी आणि तिचे आकडे कल्पित आहेत. मराठी अक्षरांची गुंतागुंत मात्र पूर्ण खरी आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसणारी सहा जणांची एक तुकडी आहे. तिला अशाच एका महापालिकेसाठी सोय करून द्यायची आहे: नव्याने हद्दीत आलेल्या गावातल्या घरमालकाने आपले नाव मराठीत टाइप करावे आणि त्याला मालमत्ता कराचे देयक सापडावे. नोंदी साधारण ३० हजार. कामाची ही एका वाक्यातली चिठ्ठी, म्हणजे ‘स्टोरी’, भिंतीवर लागली.

अंदाज बांधायला पत्ते टाकले गेले. ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली: प्रत्येकाने आपल्या मनातला आकडा पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा, म्हणजे ज्येष्ठाचे ऐकून धाकट्याचा आकडा बदलत नाही. इथे पत्ते निघाले ५, ८, २० आणि ४०. एवढी तफावत म्हणजे मतभेद नव्हे. पाच म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक शोधपेटी होती. चाळीस म्हणणारीने पूर्वी जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल उघडून पाहिली होती. दोघे वेगवेगळ्या कामाची किंमत सांगत होते. अशा वेळी सरासरी काढून १८ लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तो आकडा दोघांपैकी कोणाच्याच कामाचा नसतो.

बिल वेक यांनी २००३ मध्ये चांगल्या स्टोरीची जी लक्षणे सांगितली, त्यांत ‘अंदाज करता यावा’ हे एक आहे. ते नसेल तर स्टोरी लहान तरी करायची, नाहीतर अडवणारे अज्ञान आधी दूर करायचे. स्पाइकचा जन्म या दुसऱ्या मार्गावरचा. वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक एकत्र प्रोग्राम लिहीत असत, तेव्हा अडले की कनिंगहॅम विचारत: आपण बरोबर वाटेवर आहोत हे पटवेल असे सर्वांत साधे काय लिहिता येईल? बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर १९९६ पासून काम केले आणि १९९९ मध्ये ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’वर पुस्तक लिहिले. त्या काळापासून हा शब्द तुकड्यांच्या तोंडी रुळला.

वागळे इस्टेटमधल्या तुकडीने दोन जणांना दोन दिवस दिले. ही मुदत कामावरून ठरत नाही, अंदाज चुकल्यास होणाऱ्या नुकसानीवरून ठरते. पाच आणि चाळीस यांतला फरक काही आठवड्यांचा असेल, तर तो कमी करायला चार मनुष्यदिवस घालणे परवडते. दोन आठवडे दिले असते, तर शोधाच्या नावाखाली कामच सुरू झाले असते. मुदत संपली की उत्तर अर्धे असले तरी थांबायचे. ‘अजून एक दिवस द्या, होतच आलंय’ या वाक्याला तुकडीने होकार द्यायला हरकत नाही, पण तो दिवस नवा प्रश्न लिहून, नवा स्पाइक म्हणूनच द्यायचा. नाहीतर दोनाचे सात दिवस होतात आणि शेवटी हाती काय आले, हे कोणाला सांगता येत नाही.

प्रश्न लिहिताना तुकडीची पहिली ओळ होती: ‘जुन्या फॉन्टचा अभ्यास करणे.’ ती खोडली गेली, आणि ते योग्यच झाले. अभ्यास कधी संपला हे कोणी ठरवायचे? त्या जागी दोन प्रश्न आले. जुन्या फॉन्टमधल्या शंभर नोंदी आपोआप युनिकोडमध्ये आणल्या, तर किती हाताने दुरुस्त कराव्या लागतील? आणि एकच नाव दोन तऱ्हांनी टाइप झाले असेल, तर शोध दोन्ही नोंदी दाखवेल का? पहिल्याचे उत्तर आकडा आहे, दुसऱ्याचे हो किंवा नाही. दोन्ही उत्तरे थेट अंदाजाला भिडतात. प्रश्न बरा आहे की नाही हे ओळखण्याची खूण हीच: उत्तर काहीही आले तरी पुढच्या बैठकीत कोणाचा तरी पत्ता बदलला पाहिजे.

पहिला दिवस फॉन्टमध्ये गेला. विंडोज २००० पूर्वी घरोघरच्या संगणकांवर देवनागरी युनिकोडची सोय नव्हती, म्हणून सरकारी आणि छपाईच्या कामात श्री-लिपी, सी-डॅकचे फॉन्ट असे पर्याय रूढ झाले आणि सवयीने पुढेही चालू राहिले. त्यांत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली नसतात. पडद्यावर जसे आकार दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘शिंदे’ मधली पहिली वेलांटी श च्या डावीकडे दिसते, म्हणून फाइलमध्ये ती श च्या आधी येते. युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी. रफार याच्या उलट. ‘बर्वे’ मधला र व च्या आधी उच्चारला जातो, पण त्याचा आकार व च्या डोक्यावर असल्याने जुन्या फॉन्टमध्ये तो व च्या मागून साठवला जातो.

म्हणजे परिवर्तकाला आकारांच्या जागा बदलाव्या लागतात, आणि गफलत तिथेच होते. रफार सापडला की एक अक्षर मागे न्यायचा, असा साधा नियम लिहिला तर ‘बर्वे’ नीट येते. पण ‘सामर्थ्य’ मध्ये रफाराआधी थ् आणि य असे दोन तुकडे आहेत. रफार एकच घर मागे गेला की तयार होते ‘सामथ्र्य’. मराठी संकेतस्थळांवरचे जुने लेख वाचणाऱ्याने हे रूप कधी ना कधी पाहिलेले असते. ते लेखकाच्या अशुद्धलेखनातून आलेले नसते, अशाच अर्धवट परिवर्तकातून आलेले असते. रफार संपूर्ण जोडाक्षराच्या आधी न्यायला हवा, म्हणजे मागे जाताना जेवढे अर्धे तुकडे लागतील तेवढे ओलांडायला हवेत.

तुकडीने २०० नोंदी निवडल्या. फाइल गावांच्या क्रमाने लावलेली असल्याने वरच्या २०० घेतल्या असत्या तर त्या सगळ्या एकाच गावाच्या, बहुधा एकाच लिपिकाने टाइप केलेल्या आल्या असत्या. म्हणून सगळ्या फाइलमधून यादृच्छिक निवड झाली. परिवर्तनानंतर पालिकेतल्या एका अनुभवी लिपिकाला मूळ नोंदवहीच्या प्रतीशेजारी यादी दाखवली. ‘ताई, हे सामथ्र्य कोण?’ त्यांनी विचारले. ‘नोंदवहीत तर सामर्थ्य आहे.’ अशा १७ नोंदी चुकीच्या निघाल्या. त्यांतल्या ११ रफार आणि अर्ध्या अक्षरांच्या नियमात बसणाऱ्या होत्या, उरलेल्या ६ कुठल्याच नियमात बसत नव्हत्या.

इथे एक मोह असतो. नियम सुधारायचा, त्याच २०० नोंदींवर पुन्हा चालवायचा आणि ‘आता फक्त सहाच चुकतात’ असे लिहून मोकळे व्हायचे. पण तो नियम त्या चुका पाहूनच लिहिलेला असतो, त्यामुळे त्याच नोंदींवर तो उजवा ठरणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडीने सुधारलेला नियम नव्या २०० नोंदींवर चालवला. तिथेही ६ चुकल्या. आता तीन टक्के हा आकडा विश्वासाने लिहिता आला, पण त्याच्या मर्यादेसह. २०० मधल्या ६ वरून खरे प्रमाण साधारण १.४ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ३० हजार नोंदींत म्हणजे ९०० च्या आसपास, पण कदाचित ४००, कदाचित १,९००. एका नोंदीला दोन मिनिटे धरली तर लिपिकाचे ३० तास. कमीत कमी १३, जास्तीत जास्त ६३. एवढी रुंद पट्टी पाहून अपुरेपणा वाटू शकतो. पण दोन्ही टोकांना निर्णय एकच राहतो: परिवर्तक लिहायचा आणि उरलेले माणसाने तपासायचे. निर्णय बदलत नसेल तर आकडा आणखी घासून काढण्यात वेळ घालवू नये. नमुना मोठा करायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा पट्टीच्या एका टोकाला ‘करा’ आणि दुसऱ्या टोकाला ‘सोडा’ असे उत्तर येते.

दुसरा प्रश्न शोधाचा होता, आणि तो मराठीचा खास आहे. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’, ‘वऱ्हाडे’ ही आडनावे घ्या, किंवा भिवंडीच्या वऱ्हाळा तलावाचे नाव. त्यातला अर्धा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (`U+0931`) आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याला नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (`U+200D`), जो डोळ्यांना दिसतच नाही. युनिकोडने अशा दुहेरी रूपांना एकसारखे करण्याची एक प्रमाण पद्धत दिली आहे, `NFC` नावाची. ती पुरेल का, हे पाहायला सहा ओळी पुरल्या:

```python
import unicodedata as u
a = "\u0931\u094D\u092F"        # ऱ + हलन्त + य
b = "\u0930\u093C\u094D\u092F"  # र + नुक्ता + हलन्त + य
c = "\u0930\u094D\u200D\u092F"  # र + हलन्त + जोडक + य
n = [u.normalize("NFC", s) for s in (a, b, c)]
print(n[0] == n[1], n[0] == n[2])   # True False
```

पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे वेगळेच राहते. ‘ॲ’ चेही तसेच. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला `U+0972` हे स्वतःचे स्थान आहे, पण अनेक जण अजून अ वर अर्धचंद्र देऊन तो लिहितात, आणि `NFC` या दोघांना एक मानत नाही. ‘बँक’ चंद्रबिंदूने लिहिली आणि अर्धचंद्र अधिक अनुस्वाराने लिहिली, तरी संगणकाला त्या दोन बँका वाटतात.

तुकडीतल्या एकाने सुचवले की शून्य रुंदीचा जोडक सरळ पुसून टाकू. यंत्र चालले, शोध लागला, पण निकाल भलताच आला. जोडक पुसला की चंद्रकोरीचा र रफार होतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. म्हणून क्रम असा ठरला: आधी र, हलन्त आणि जोडक या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, आणि मगच उरलेले जोडक काढायचे. दोन ओळींच्या या निष्कर्षाने पुढची कित्येक तासांची धडपड वाचणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता दोघांनी प्रोग्रामची खिडकी बंद केली आणि लिहायला बसले. मुदतीतले शेवटचे दोन-तीन तास लिहिण्यासाठी राखून ठेवले नाहीत तर नोंद होत नाही. ती पुढच्या सोमवारवर जाते आणि सोमवारी अर्धे विसरलेले असते. नोंद एका पानाची होती. वर प्रश्न आणि तारीख, मग काय करून पाहिले, काय आढळले, किती नमुन्यावरून, आणि वर दिलेल्या सहा ओळी जशाच्या तशा, म्हणजे शंका असणाऱ्याला स्वतः चालवून पाहता येतील. त्याखाली तुकड्या बहुधा गाळतात तो भाग: काय पाहिले नाही. इथे तो असा होता. ‘फाइलींत एकाच कुटुंबातला फॉन्ट आढळला, दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट निघाला तर तक्ता नव्याने करावा लागेल. तीन गावांच्या नोंदवह्या हस्तलिखित आहेत, त्या उघडल्या नाहीत. इंग्रजीत टाइप केलेल्या नावावरून शोध हा विषय घेतला नाही.’ ही तीन वाक्ये नसती तर सहा महिन्यांनी कोणीतरी ‘स्पाइकमध्ये तर होईल म्हणाला होता’ असे म्हटले असते. आणि ‘शक्य आहे’ एवढाच निष्कर्ष लिहिलेली नोंद तर निरुपयोगीच. सॉफ्टवेअरमध्ये जवळपास सगळेच शक्य असते, प्रश्न किमतीचा असतो.

त्या दोन दिवसांत लिहिलेला परिवर्तक वेगळ्या शाखेत, `spike/nav-shodh` या नावाने ठेवला गेला आणि मुख्य प्रोग्राममध्ये घेतला नाही. त्यात चाचण्या नव्हत्या, चुकीची फाइल आली तर काय करायचे याचा विचार नव्हता. चालणारा प्रोग्राम फेकायला जिवावर येते, व्यवस्थापकालाही येते, आणि मग तो हळूच उत्पादनात शिरतो. असे झाले हे ओळखायची खूण सोपी आहे: स्पाइकनंतर ‘सत्तर टक्के काम झालंच आहे’ असे कोणी म्हणू लागते. दोन दिवसांत झालेले काम शिकण्याचे असते. नोंदी आणण्याचे काम अजून सुरूच झालेले नसते.

पुढच्या बैठकीत मूळ चिठ्ठी भिंतीवरून निघाली आणि तिच्या जागी तीन आल्या. पहिली, जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्याची. पूर्ण झाल्याची कसोटी अशी की नव्याने काढलेल्या २०० नोंदींत दहापेक्षा जास्त चुका नकोत आणि ‘सामर्थ्य’, ‘बर्वे’, ‘शिंदे’ ही नावे नेमकी यावीत. दुसरी, शोधासाठी प्रत्येक नावाची एक एकसारखी केलेली प्रत वेगळी ठेवण्याची. मूळ नाव जसे आहे तसेच राहील, कारण देयकावर माणसाने लिहिलेलेच नाव छापले पाहिजे. तिची कसोटी: ‘गोऱ्हे’ तिन्ही तऱ्हांनी टाइप केले तरी तीच नोंद मिळावी, आणि ‘दर्या’ शोधल्यावर ‘दऱ्या’ येऊ नये. तिसरी, शंकास्पद नोंदी लिपिकासमोर मूळ प्रतीशेजारी दाखवणारा पडदा. स्पाइकमधला प्रत्येक निष्कर्ष कुठल्या ना कुठल्या कसोटीत उतरला. जो उतरला नाही तो नोंदीतच राहिला, आणि त्याने कोणाचे अडले नाही.

पत्ते पुन्हा टाकले. पहिल्या चिठ्ठीवर सगळ्यांचे ८ आले. दुसरीवर ३ आणि ५; तीन म्हणणारा ‘ॲ’ आणि ‘बँक’ विसरला होता, आठवण करून दिल्यावर ५ ठरले. तिसरीवर ५. लिपिकाचे ३० तास या गुणांत धरले नाहीत. ते महापालिकेच्या माणसांचे होते, म्हणून ते १३ ते ६३ तासांच्या पट्टीसह पत्रात वेगळे कळवले. स्पाइकलाही गुण दिले नाहीत. त्याचे चार मनुष्यदिवस स्प्रिंटच्या उपलब्ध वेळेतून वजा झाले. काही तुकड्या स्पाइकलाही गुण देतात, पण मग त्यांच्या वेगाच्या आकड्यात नागरिकाला दिलेली सोय आणि आपण घेतलेले शिक्षण मिसळून जाते, आणि त्या आकड्यावर पुढची तारीख बांधता येत नाही. माइक कोन यांनी २००४ मधल्या आपल्या पुस्तकात आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली आहे: स्पाइक आणि त्यातून निघणारी स्टोरी एकाच फेरीत घेऊ नये, कारण उत्तर येण्याआधीच स्टोरीची बांधिलकी झालेली असते. या तुकडीने स्पाइक एका स्प्रिंटमध्ये केला आणि तिन्ही चिठ्ठ्या पुढच्या स्प्रिंटसाठी ठेवल्या.

हस्तलिखित नोंदवह्यांच्या तीन गावांसाठी तुकडीने चिठ्ठी लिहिलीच नाही. त्याऐवजी एक दिवसाचा नवा स्पाइक ठरला. त्याचा प्रश्न होता: एका लिपिकाला नोंदवहीतले एक पान हाताने टाइप करायला किती मिनिटे लागतात, आणि तीन गावांची मिळून पाने किती? पाने मोजायला दोघांपैकी एक जण दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याहून लोकलने कल्याणला गेला. प्रत्येक गावाची दहा पाने टाइप करून घ्यायची होती, फाटलेली आणि शाई पसरलेली पानेही त्यात धरून, कारण वेळ खाणारी पाने तीच असतात.